ग्राहकांची यादी एजन्सीला देताय? आधी हे पाच प्रश्न विचारा

आजचा विषय आहे व्हेंडरला पाठवायची प्रश्नावली. मोठ्या कंपन्या नवीन सप्लायरला डेटा देण्याआधी शंभर-दोनशे प्रश्नांची एक्सेल शीट पाठवतात. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. पाच प्रश्न पुरतात, पण त्यांची उत्तरं तपासायची कशी हे माहीत पाहिजे. कारण प्रश्नावली म्हणजे समोरच्याने स्वतःबद्दल स्वतःच लिहून दिलेली माहिती. 'हो' लिहायला कुणाचे पैसे लागत नाहीत.

एक उदाहरण धरून चालू. समजा, कोल्हापुरात तुमचं साड्यांचं दुकान आहे. पाच वर्षांत 4,200 ग्राहकांची यादी जमली आहे. दिवाळीसाठी ऑफरचे मेसेज आणि वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायच्या आहेत, म्हणून तुम्ही दोन मार्केटिंग एजन्सींशी बोलताय. दोघीही म्हणतात, "डेटा पाठवा, उद्यापासून चालू करू." इथे थांबायचं.

प्रश्नांच्या आधी फाईल उघडा

तुमच्या एक्सेलमध्ये काय काय आहे ते बघा. नाव, मोबाईल, पत्ता, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, एकूण खरेदी, उधारी बाकी आणि शेवटच्या कॉलममध्ये ब्लाऊजची मापं. ही फाईल अशीच्या अशी ई-मेलला जोडली, तर तुमच्या ग्राहक ताईंची मापं आणि उधारी एका अनोळखी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जाते. मेसेज पाठवायला त्यातलं काहीही लागत नाही.

प्रत्येक कॉलमवर बोट ठेवून विचारायचं, "हे नसेल तर काम अडेल का?" नाव आणि मोबाईल लागेल. वाढदिवसासाठी तारीख आणि महिना लागेल, जन्माचं वर्ष नाही. एकूण खरेदीचे आकडे देण्याऐवजी तुम्हीच ग्राहकांचे 'अ' आणि 'ब' असे दोन गट करा आणि फक्त गटाचं अक्षर द्या. पत्ता, उधारी, मापं काढून टाका. कॉलम नुसते लपवू नका. लपवलेला कॉलम समोरचा एका क्लिकवर उघडतो. नवीन फाईल करून त्यात हवे तेवढेच कॉलम पेस्ट करा.

जे दिलंच नाही, ते व्हेंडरकडून फुटूही शकत नाही. आता प्रश्न.

1. तुमची फर्म नेमकी कोणती, आणि आमचा डेटा अजून कोणाकडे जाणार?

वेबसाईटवर एक नाव, बिलावर दुसरं आणि बँक खातं तिसऱ्याच नावावर, असं बऱ्याचदा दिसतं. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाका. तिथे कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही दिसतं. करारावर तेच नाव आलं पाहिजे.

प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. छोट्या एजन्सीकडे स्वतःची मेसेज पाठवायची यंत्रणा सहसा नसते. ती दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरते. त्यात गैर काही नाही, फक्त ते सांगितलं पाहिजे. "डेटा आमच्याकडेच राहतो" या उत्तरावर लगेच विचारा, "मग मेसेज कोणत्या सॉफ्टवेअरमधून जातात?" खरं काम करणारा माणूस एका मिनिटात नाव सांगतो.

2. आमची यादी तुमच्याकडे कोण कोण उघडू शकतं?

याचं उत्तर कागदावर घेऊ नका, डेमोमध्ये बघा. स्क्रीन शेअर करून लॉगिन करायला सांगा. पासवर्डनंतर ओटीपी मागतो का? सगळे एकच लॉगिन वापरतात का प्रत्येकाचं वेगळं आहे? युजरची यादी उघडायला सांगा आणि पूर्ण लिस्ट डाउनलोड करायचं बटण कोणाकोणाला दिसतं ते विचारा. नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं लॉगिन कोण आणि कधी बंद करतं, हेही विचारा. सगळ्यांचं लॉगिन एकच असेल, तर उद्या यादी बाहेर गेल्यावर ती कोणी नेली हे एजन्सीलाही कळणार नाही.

डेमो चालू असताना अजून एक गोष्ट बघा. स्क्रीनवर दुसऱ्या दुकानाच्या खऱ्या ग्राहकांची नावं-नंबर दिसतायत का? दिसत असतील तर विषय तिथेच संपला. उद्या तुमच्या ग्राहकांची यादी अशीच तिसऱ्या कोणाला दाखवली जाणार.

3. सर्टिफिकेट असेल तर ते कोणाचं आणि कशाचं?

बरेच जण 'आयएसओ 27001' लिहितात. हे माहितीच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट आहे, चांगलं आहे, पण त्यावर तीन गोष्टी वाचा. नाव तुमच्याशी करार करणाऱ्या फर्मचंच आहे का? मुदत संपली आहे का? साधारण तीन वर्षांची असते. आणि 'स्कोप' या मथळ्याखाली कोणतं काम आणि कोणतं ऑफिस लिहिलंय?

इथे नेहमीची गफलत अशी की एजन्सी आपल्या क्लाउड कंपनीचं सर्टिफिकेट पुढे करते. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हर ठेवलेली इमारत आणि तिथली यंत्रणा तपासलेली आहे. पण एजन्सीतल्या मुलाने तुमची यादी पेन ड्राइव्हवर घेतली, तर क्लाउड कंपनी काही करू शकत नाही. बँकेच्या लॉकरला कुलूप भक्कम आहे, पण किल्ली कोणाच्या खिशात आहे हा आपला प्रश्न.

सर्टिफिकेट नाही म्हणून छोट्या एजन्सीला लगेच नाकारू नका. त्याला खर्च येतो आणि पाच-सात माणसांच्या ऑफिसकडे ते नसणं साहजिक आहे. अशा वेळी दुसऱ्या प्रश्नाचं वजन वाढवा.

4. डेटा फुटला तर आम्हाला किती तासांत आणि कोण कळवणार?

इथे कायदा थोडा समजून घेऊ. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, तुमच्या वतीने एजन्सीने जे काही केलं त्याचीही जबाबदारी तुमचीच राहते. "करारात आम्ही ती एजन्सीवर टाकली आहे" असं म्हणून सुटका होत नाही. एजन्सीशी वैध करार असणंही गरजेचं आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. ती कमाल मर्यादा आहे; प्रत्यक्ष रक्कम चुकीचं गांभीर्य बघून ठरते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि आपल्यासारख्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. करार आत्ता करताय, तर त्या धरूनच करा.

डेटा फुटल्यावर ग्राहकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं आहे. मंडळाला सविस्तर माहिती द्यायला, तुम्हाला कळल्यापासून 72 तास आहेत. म्हणून एजन्सीकडून "लवकरात लवकर" हे उत्तर घेऊ नका. "24 तासांत, अमुक माणूस, या नंबरवर फोन करून" असं लिहून घ्या.

5. काम संपल्यावर डेटा कधी पुसणार, बॅकअपसकट?

"लगेच डिलीट करतो" हे ऐकायला छान वाटतं, पण बॅकअप असलेल्या यंत्रणेत सगळं लगेच पुसलं जाणं अवघड असतं. "सिस्टीममधून 7 दिवसांत, बॅकअपमधून 30 दिवसांत, मग ई-मेलने कळवतो" हे उत्तर जास्त भरवशाचं, कारण देणाऱ्याने आपला बॅकअप कसा चालतो याचा विचार केलेला दिसतो. तो ई-मेल जपून ठेवा.

आता निवड

आपल्या दोन एजन्सींची उत्तरं आली. पहिलीने अर्ध्या तासात पाचही प्रश्नांना "हो, पूर्ण सुरक्षित" लिहिलं आणि क्लाउड कंपनीचं सर्टिफिकेट जोडलं. डेमोमध्ये मात्र सगळ्यांचं एकच लॉगिन निघालं. दुसरीने तीन दिवस घेतले. सर्टिफिकेट नाही हे कबूल केलं, सॉफ्टवेअरचं नाव दिलं, तीन कर्मचाऱ्यांची वेगवेगळी लॉगिन दाखवली आणि 24 तासांची अट मान्य केली. पण बॅकअपबद्दल "विचारून सांगतो" म्हणाली.

कागदावर पहिली भारी दिसते, पण मी दुसरी घेईन. तिची एक उणीव भरून निघण्यासारखी आहे. बॅकअपचं उत्तर येईपर्यंत फाईल पाठवायची नाही, एवढंच. पहिलीची कोणतीच गोष्ट तपासता येत नाही आणि जी तपासली ती चुकीची निघाली.

करारात चार ओळी हव्यातच: डेटा फक्त आमच्या मेसेजसाठी वापरायचा, दुसऱ्या ग्राहकासाठी किंवा स्वतःसाठी नाही, आम्हाला विचारल्याशिवाय पुढे कोणाला द्यायचा नाही, फुटल्यास 24 तासांत कळवायचं, आणि काम संपल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसायचं.

फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. शक्य असेल तर स्वतःच्या लॉगिनने त्यांच्या सिस्टीममध्ये चढवा. नाहीतर एक्सेलला पासवर्ड लावा आणि पासवर्ड फोनवर सांगा.

शेवटची एक युक्ती. यादीत घरातलाच एक मोबाईल नंबर एका वेगळ्या, काल्पनिक नावाने टाका. हा नंबर इतर कोणत्या दुकानात दिलेला नसावा, आणि ते नाव फक्त या एजन्सीच्या फाईलमध्ये असावं. उद्या भलत्याच दुकानाचा मेसेज त्याच नावाने आला, तर यादी कुठून गेली याचा अंदाज येतो. नाव नसलेल्या नुसत्या मेसेजवरून मात्र आरोप करू नका. तसे मेसेज कोणत्याही नंबरवर येतात.

आणि ही तपासणी एकदाच करून फाईल कपाटात ठेवू नका. एजन्सीने सॉफ्टवेअर बदललं किंवा तुम्ही यादीत नवीन कॉलम जोडला, की पहिले दोन प्रश्न पुन्हा विचारायचे.