शेअर बाजारातील भारित सरासरी भाव व त्याचा रोजचा नवा हिशेब

दहा पोती एका भावाने व शंभर पोती दुसऱ्या भावाने घेतली, तर दोन भावांची बेरीज करून निम्मी करणारा व्यापारी विरळाच. आपण एकूण रकमेस एकूण पोत्यांनी भागतो. हीच रीत एखाद्या शेअरच्या दिवसभरातील सर्व सौद्यांस लावली म्हणजे जो भाव येतो, तो भारित सरासरी भाव होय. संगणकाच्या पडद्यावर तो VWAP या अक्षरांनी दाखवितात.

समजा, सोमवारी एका शेअरचे १,००० नग १०० रुपयांस, ३,००० नग १०२ रुपयांस व १,००० नग १०६ रुपयांस विकले गेले. एकूण रक्कम ५,१२,००० व नग ५,०००. म्हणून सरासरी १०२ रुपये ४० पैसे. आपल्या दलालाने १०३ च्या सरासरीने खरेदी केली असेल, तर बाजाराच्या मानाने आपणांस दर नगास ६० पैसे अधिक पडले.

राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी सव्वानऊला नियमित सौदे सुरू झाले की हा हिशेब शून्यापासून मांडतात. रोजकीर्दीत कालची शिल्लक पुढे ओढणाऱ्या आपणांस हे विचित्र वाटेल. परंतु वखारीतील माल आज आपल्या हाती असतो, म्हणून त्याची कालची किंमत आजही लागू असते. बाजाराची सरासरी ही कोणाची शिल्लक नव्हे. दलालाने आज केलेले काम मोजण्याचे ते माप आहे, आणि कालच्या भावाने आज खरेदी करणे कोणासही शक्य नाही.

मंगळवारी वाईट बातमीने भाव उतरून १,००० नग ९६ स व १,००० नग ९७ स गेले असे धरू. दिवसाची सरासरी ९६ रुपये ५० पैसे झाली. कालचे सौदे मिळविले, तर ती १०० रुपये ७१ पैसे येईल. याच वेळात ९७ रुपयांच्या सरासरीने खरेदी करणारा दलाल या जुन्या मापाने तीन रुपयांहून अधिक बचत करणारा ठरेल. वस्तुतः त्याने ५० पैसे जादा मोजले आहेत.

या मापासही मर्यादा आहेत. सकाळी सौदे थोडे असल्याने एका मोठ्या सौद्यानेही ते हलते; दुपारनंतर मागील नगांचा भार इतका होतो की, नव्या भावाने ते फारसे सरकत नाही. दुपारी बारास काम सोपविले असेल, तर बारापासूनच्या सौद्यांचीच सरासरी धरावी. शिवाय दिवसाच्या उलाढालीत आपलीच खरेदी निम्म्याहून अधिक असेल, तर सरासरी बहुतांशी आपल्याच भावाने घडते. मग तिच्याशी आपला भाव जुळला, यात दलालाचे कौशल्य सिद्ध होत नाही.