‘विमान ट्रॅक करतो’ म्हणजे किती रुपये? कुंडलहून विमानतळाच्या गाडीचा हिशोब

विमानतळाच्या गाडीची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर येवो की स्टँडजवळच्या फलकावर लागो, तिच्यात तीन गोष्टी हमखास असतात. गाडी वेळेवर येणार, भाडं फिक्स, आणि विमान लेट झालं तरी काळजी नको, कारण ‘आम्ही फ्लाइट ट्रॅक करतो’. पुण्यात राहणाऱ्याला या तिन्हींचा अर्थ सरळ लागतो. कुंडलच्या माणसाने मात्र तिसरी गोष्ट जरा थांबून वाचावी, कारण तिची किंमत अंतरावर ठरते.

विमान ट्रॅक करणं अवघड नाही. तिकिटावरचा फ्लाइट नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा फ्लाइटरडारसारख्या अ‍ॅपवर टाकला की विमान उडालं का, कुठवर आलं आणि किती वाजता उतरेल हे दिसतं. विमान उडण्याआधी दिसते ती अपेक्षित वेळ असते, आणि ती पुढे सरकत राहते. एकदा विमान उडालं की अंदाज बराच पक्का होतो. गाडीवाला विमानतळापासून अर्ध्या तासावर राहत असेल तर विमान उडाल्याचं पाहून तो आरामात निघू शकतो, आणि तिथे ट्रॅकिंगने खरोखर पैसे वाचतात.

कुंडलहून लोहगाव सुमारे २१० किलोमीटर. ताकारीवरून कराड, पुढे महामार्गाने सातारा, खंबाटकी आणि मग पुण्याची गर्दी, असे साडेचार तास धरावे लागतात. देशातल्या देशात उडणारं विमान दीड-दोन तासांत पोचतं. म्हणजे तुमचं विमान उडायच्या कितीतरी आधी गाडी कुंडल सोडून निघालेली असते. मुंबईचं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, गाडीला सात तास तरी हवेत. दुबईचं विमान तीन तासांत मुंबईला येतं. तिथेही तेच. त्यामुळे आपल्याकडे ट्रॅकिंगने गाडीचं थांबणं टळत नाही. उशीर सकाळीच जाहीर झाला तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक उशीर शेवटच्या दोन-तीन तासांत कळतो. म्हणून जाहिरातीतल्या ट्रॅकिंगपेक्षा थांबण्याची अट काय आहे, हे आधी विचारायचं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. खानापूर-आटपाडीपासून कडेगाव-पलूसपर्यंत गलाईच्या धंद्यानिमित्त दक्षिणेत गेलेली घरं खूप आहेत. समजा असंच एक कुटुंब कोचीहून पुण्याला येतंय. विमान रात्री साडेदहाला उतरायचं आहे. गाडी कुंडलहून पावणेसहाला निघाली. पावणेआठच्या सुमाराला, ड्रायव्हर साताऱ्याजवळ असताना, कळलं की विमान अडीच तास उशिरा येणार. आता ट्रॅकिंगचा जो काही उपयोग आहे तो इथे. ड्रायव्हर विमानतळाच्या पार्किंगमध्ये पैसे भरत बसण्याऐवजी वाटेतल्या ढाब्यावर जेवतो आणि दोन तास पाठ टेकतो. रात्री परत साडेचार तास चालवायचं असताना ही विश्रांती लहान गोष्ट नाही. विमान एक वाजता उतरलं, सामान घेऊन कुटुंब एक पस्तीसला बाहेर आलं आणि सकाळी सहाच्या सुमाराला गाडी कुंडलात.

आता बिल. दर ठिकठिकाणी आणि गाडीप्रमाणे बदलतात, म्हणून हिशोबापुरते धरू: लहान सेडान, किलोमीटरला १२ रुपये, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ४००, जाण्यायेण्याचा टोल ४५०, पार्किंग १५०. गाडी रिकामी जाऊन तुम्हाला घेऊन येणार, म्हणजे दोन्ही बाजूंचं अंतर तुमच्याच माथी. ४२० किलोमीटरचे ५,०४० रुपये होतात. भत्ता, टोल आणि पार्किंग मिळवले की ६,०४०. बहुतेक लोक मनात हाच आकडा धरतात.

पण बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटरची अट असते, आणि पुष्कळ गाडीवाले दिवस रात्री बाराला संपला असं धरतात. आपली गाडी एका तारखेला निघाली आणि दुसऱ्या तारखेला पोचली. दोन दिवस, म्हणजे किमान ६०० किलोमीटर. ७,२०० रुपये, दोन दिवसांचा भत्ता ८००, वर टोल आणि पार्किंग. बिल ८,६०० होतं. यात विमानाच्या उशिराचा काहीच दोष नाही. विमान वेळेवर साडेदहाला उतरलं असतं तरी गाडी पहाटे साडेतीनलाच पोचली असती आणि तारीख बदललीच असती. रात्रीच्या विमानाला किलोमीटरच्या दराने गाडी ठरवताना दिवस २४ तासांचा की तारखेचा, एवढं विचारल्याने अडीच हजारांचा फरक पडू शकतो. गाडीवाल्याची बाजूही आहे: रात्रभर जागलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपणार आणि गाडी उभी राहणार. त्याने त्याचे पैसे मागावेत, पण आधी सांगून मागावेत.

फिक्स भाड्याचा खरा फायदा हा, की दिवस आणि किमान किलोमीटर मोजावे लागत नाहीत. समजा त्याच फेरीला त्याने ६,००० फिक्स सांगितले, टोल आणि पार्किंगसकट, आणि ‘६० मिनिटं थांबा मोफत, पुढे तासाला १५०’ असंही लिहिलं. ही ६० मिनिटं तिकिटावरच्या साडेदहापासून मोजली तर मोफत वेळ साडेअकराला संपतो. कुटुंब एक पस्तीसला बाहेर आलं, म्हणजे दोन तास पाच मिनिटं जादा. अर्धवट तास पूर्ण धरला की तीन तासांचे ४५०. तीच मिनिटं विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून मोजली तर मोफत वेळ दोन वाजेपर्यंत आणि जादा शून्य. आपण ट्रॅकिंग करतो असं सांगणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने मोजायला हवं. पहिल्या पद्धतीने मोजायचं असेल तर त्याच्या ट्रॅकिंगचा गिऱ्हाइकाला उपयोग काय? परदेशातून येताना इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स धरून एक ते दीड तास जातो, म्हणून तिथे ६० ऐवजी ९० मिनिटं मागून घ्यावीत.

फिक्स म्हणजे कशासकट, हेही एका वाक्यात लिहून घ्यावं: टोल, पार्किंग, भत्ता, रात्रीचा आकार, जीएसटी. नोंदणी असलेले व्यावसायिक गाडीभाड्यावर सहसा ५ टक्के जीएसटी लावतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या गाडीवाल्याला नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळे जीएसटी आकारणाऱ्याकडून नंबर असलेलं बिल मागायला लाजू नये. टोल वेगळा ठरला असेल तर फास्टॅगचे मेसेज दाखवायला सांगा. कराड ते पुणे तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन नाके लागतात. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर २४ तासांत परतलं तर जाण्यायेण्याचा मिळून टोल एकेरीच्या दीडपट असतो, दुप्पट नव्हे. मुंबईच्या फेरीत एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा. पण ‘मुंबई एन्ट्री’ म्हणून वाशीचा टोल बिलात दिसला तर जरूर विचारा, कारण ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल नाही.

भाडं फारच कमी सांगितलं तर तेही तपासायला हवं. ४२० किलोमीटरला साध्या पेट्रोल गाडीत तेवीस-चोवीस लिटर लागतं, म्हणजे इंधनालाच जवळपास अडीच हजार. टोल, भत्ता, टायर-ऑइल आणि गाडीचा हप्ता धरून कोणी साडेतीन हजारांत फेरी देत असेल, तर एक तर तो वाटेत दुसरी माणसं भरणार, नाही तर गाडी पांढऱ्या पाटीची असणार. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि प्रवासी परमिट लागतं. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडीचा नंबर आदल्या संध्याकाळी मागवला की ही शंका तिथेच मिटते.

तारखेची चूक तर नेहमीची. आखातातून येणारी पुष्कळ विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. तिकिटावर ‘१२ तारीख, ०१:४०’ असेल तर गाडी ११ तारखेला संध्याकाळीच कुंडलहून निघायला हवी. ‘बारा तारखेची रात्र’ असं फोनवर सांगितलं की गाडी चोवीस तास उशिरा येते, आणि त्यात गाडीवाल्याची चूक काढता येत नाही. वाटेत विमान बदलत असेल तर फ्लाइट नंबर शेवटच्या विमानाचा द्या. विमान रद्द झालं तर झालेल्या किलोमीटरचे पैसे, आणि पुण्याऐवजी मुंबईला उतरवलं तर पुढचा दर किलोमीटरला किती, हे आधीच ठरलेलं बरं. रात्री दोनला, थकलेल्या पोरांसह उभं राहून घासाघीस होत नाही.

जाताना वक्तशीरपणाचा अर्थ वेगळा. गाडी दारात पाचला आली, म्हणजे जाहिरातीचा शब्द पाळला. पण देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो आणि तुम्हाला त्याच्याही आधी पोचायचं आहे. म्हणून गाडीवाल्याला दाराची वेळ न सांगता विमानतळावर पोचायची वेळ सांगा आणि निघायची वेळ त्याला काढू द्या. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, क्रांती कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. कराडपर्यंतच्या टप्प्यात अर्धा तास जास्त धरावा. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या दिशेने जाताना आणखी एक तास.

ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये पाठवून ‘ओके’ मागवून घ्या. उदाहरणार्थ: ‘फ्लाइट नंबर, उतरण्याची तारीख आणि वेळ, पुणे ते कुंडल, ६,००० फिक्स, टोल-पार्किंग-भत्ता सर्व धरून, थांबा विमान उतरल्यापासून ६० मिनिटं मोफत, पिवळी पाटी.’ पुढे वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. दोन्हीकडे हाच मेसेज पुरावा म्हणून चालतो.

बुकिंग करण्याआधी एकदा कोल्हापूरही पाहावं. उजळाईवाडीचा विमानतळ कुंडलहून पासष्ट किलोमीटरच्या आसपास, दीड-दोन तासांवर. विमानं मोजकी आहेत आणि तिकीट बहुधा महाग पडतं. पण वरच्याच दराने दोन्ही बाजूंचे १३० किलोमीटर धरले तर गाडीचे पैसे दोन हजारांच्या आसपास राहतात, फक्त ३०० किलोमीटरची किमान अट लावणार नाही हे आधी वदवून घ्यावं लागतं. म्हणजे पुण्याच्या तुलनेत गाडीवर चार हजार वाचतात. दोन माणसं असतील तर कोल्हापूरचं तिकीट माणशी दोन हजारांनी महाग असलं तरी बरोबरी होते, आणि रात्रभराचा प्रवास वाचतो. चार माणसांना मात्र पुणेच स्वस्त. एकट्याने यायचं असेल तर पुण्याहून रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरावं. तिथून कुंडल हाकेच्या अंतरावर आहे.