अर्ज मागे घेताना

भिवंडीत माणकोली नाक्याभोवती पसरलेल्या गोदामांपैकी एका गोदामात नोकरभरतीचे अर्ज छाननीस लावण्याचे काम माझ्याकडे असताना एका तरुणाच्या अर्जाची जी गत झाली, ती चुकीचा तपशील धाडून बसलेल्या प्रत्येक उमेदवाराने ध्यानात ठेवावी अशी आहे.

जागा इन्व्हेंटरी सुपरवायझरची, आणि अट तीन वर्षांच्या अनुभवाची. तो चालू नोकरीत जून 2021 मध्ये रुजू झाला होता; अर्जात मात्र अनवधानाने 2019 पडले. खऱ्या तारखेनेही तो पात्रच होता. चूक उमगताच त्याने दुसरा ईमेल केला, पण ‘आधीच्या अर्जात काही चुका आहेत, नवा जोडला आहे’ एवढाच मोघम मजकूर, विषय निराळा आणि दोन्ही फायलींचे नाव एकच. पहिला अर्ज तोवर मी व्यवस्थापकांकडे रवाना केला होता. त्यांच्यापुढे एकाच माणसाच्या दोन तारखा आल्या, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या सेवानोंदीत रुजू झाल्याची तारीख दिसत असल्याने ही विसंगती त्यांना लबाडी वाटली. खुलासा मागवेपर्यंत जागा भरली गेली.

जीमेलमध्ये पाठवलेला संदेश फार तर 30 सेकंदांच्या आत रोखता येतो. त्यानंतर तो परक्या कचेरीच्या दप्तरातून आपल्याला काढून घेता येत नाही. म्हणून माघारीचे पत्र असे हवे, की ते वाचणाऱ्याला काय बाद करायचे आणि काय ठेवायचे हे विचारावे लागू नये. ते पहिल्याच ईमेलला उत्तर म्हणून, विषय न बदलता पाठवावे, कारण विषय बदलला की जीमेल ते निराळ्या पत्रव्यवहारात टाकते. मजकूर असा असावा :

‘महोदय, इन्व्हेंटरी सुपरवायझर पदासाठी 4 तारखेस पाठवलेला माझा अर्ज मी मागे घेत आहे, कृपया तो बाद समजावा. त्यात चालू नोकरीत रुजू झाल्याची तारीख जून 2019 अशी चुकीची पडली आहे. योग्य तारीख जून 2021 आहे. अन्य तपशिलात बदल नाही. दुरुस्त अर्ज सोबत जोडला असून तोच ग्राह्य धरावा. आधीचा अर्ज पुढे पाठवला असल्यास हा त्याच्या जागी पाठवावा आणि पोच द्यावी, ही विनंती.’

चूक आणि दुरुस्ती अशी शेजारीशेजारी ठेवली, की लपवाछपवीचा संशय उरत नाही. चूक कशी घडली याची कहाणी मात्र गाळावी. नव्या फाईलच्या नावात आपले नाव, पद आणि ‘दुरुस्त’ हा शब्द असावा, आणि जुनी फाईल पुन्हा जोडली जात नाही ना, हे जोडलेली फाईल उघडून पाहावे.

अर्ज संकेतस्थळावरून भरला असेल, तर ईमेलने तेथील नोंद पुसली जात नाही. काही संकेतस्थळांवर एकदा माघार घेतल्यावर त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करता येत नाही. तेव्हा तेथील माघारीचे बटण दाबण्यापूर्वी, दुरुस्ती कशी स्वीकारली जाईल, हे भरती अधिकाऱ्याला लिहून विचारावे आणि उत्तर येईपर्यंत मूळ नोंद तशीच राहू द्यावी.