बटण डबल पडतं तेव्हा

एका शिक्षणसंस्थेचा दोन भाषांतला अहवाल आमच्या डीटीपी केंद्रात टाइप होत होता. मराठी प्रुफात ‘शााळा’, ‘सााल’ असे दोन-दोन काने दिसले आणि संस्थेच्या चिटणीसांनी टाइप करणाऱ्या ताईंना निष्काळजी ठरवलं. त्या बिचाऱ्या प्रत्येक पान दुसऱ्यांदा वाचून देत होत्या, तरी दुसऱ्या दिवशी तेच. मला ते पटेना. मी सगळी प्रुफं पुढ्यात घेतली आणि बाकीच्या चुका सोडून फक्त डबल पडलेल्या अक्षरांवर खुणा केल्या.

मराठी पानांवर काना डबल होता, कुठेकुठे ‘आआई’सुद्धा. इंग्रजी पानांवर the चं thee आणि met चं meet झालं होतं. इन्स्क्रिप्टमध्ये काना असतो `e` च्या बटणावर आणि त्याच बटणाला शिफ्ट जोडली की आ येतो. म्हणजे भाषा बदलली, अक्षर बदललं, पण बटण तेच राहिलं. बोटाची चूक अशी एका बटणाला चिकटून बसत नाही. बोट घसरलं तर शेजारचं बटण लागतं, मग काना सोडून दीर्घ वेलांटी किंवा दोन मात्रा पडतात. घाईत अक्षरांची अदलाबदल होते. कधी हात ‘डबल’ची आठवण चुकीच्या अक्षराला देतो आणि look चं lokk होतं, पण तिथेही अक्षरं चारच राहतात. बटण डबल पडतं तेव्हा मात्र शब्द क्रमाने बरोबर असतो आणि एक अक्षर जास्तीचं असतं. हा फरक दिसला की अर्धं निदान झालं.

आमचा कीबोर्ड यांत्रिक बटणांचा होता. त्यात बटण दाबलं की धातूची बारीक पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकते, आणि टेकताना ती काही मिलिसेकंद थरथरते. नव्या कीबोर्डमध्येही हे होतं, पण आतली चिप साधारण 5 मिलिसेकंदांची थरथर एकच दाब म्हणून धरते. पट्ट्या झिजल्या, काळ्या पडल्या किंवा मध्ये धूळ गेली की थरथर लांबते, चिपची मुदत ओलांडते, आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. दोन्ही भाषांत सर्वांत जास्त राबणाऱ्या बटणांपैकी `e` एक, म्हणून ते आधी झिजलं यात नवल नाही.

खात्री करायची तर रिकामी फाइल उघडून संशय असलेलं बटण एका बोटाने सावकाश, शंभरदा दाबा आणि अक्षरं मोजा. मग शेजारचं बटण तसंच दाबा. पहिल्याची शंभराहून जास्त आणि दुसऱ्याची बरोबर शंभर भरली, तर हाताला दोष देऊ नका. बटण दाबून धरू मात्र नका, कारण धरल्यावर अक्षर आपोआप परत परत येतं आणि तो बिघाड नसतो. लिनक्सवर याहून स्पष्ट दिसतं:

```
sudo evtest
```

यादीतून कीबोर्ड निवडून बटण दाबा. `value 1` म्हणजे दाबलं, `value 0` म्हणजे सोडलं, `value 2` म्हणजे धरून ठेवल्याची पुनरावृत्ती. आमच्याकडे एका दाबाला 1, 0, 1, 0 असं आलं, आणि मधल्या 0 पासून पुढच्या 1 पर्यंत जेमतेम 16 मिलिसेकंद. माणसाचं बोट बटण सोडून इतक्यात पुन्हा दाबू शकत नाही.

नवा कीबोर्ड येईपर्यंत आम्ही विंडोजमधली बाउन्स कीज ही सोय लावून पाहिली. तिथली सर्वांत कमी मुदत अर्धा सेकंद आहे, आणि वेगाने टाइप करणाऱ्याला ती फार मोठी पडते. तेवढ्या वेळात मुद्दाम दोनदा दाबलेलं अक्षरही गिळलं जातं, ‘ननंद’ची ‘नंद’ होते आणि 5500 चे 50. पैशांचे आकडे असलेल्या कामावर ही सोय लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिनक्सच्या ग्नोममध्ये ही मुदत 50 मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येते, तिथे ती खरोखर उपयोगी आहे.

राहिला आधीच टाइप झालेला मजकूर. मराठीत एकापुढे एक दोन काने कधीच येत नाहीत, त्यामुळे शोधाच्या चौकटीत काना दोनदा टाकून सगळे एका फटक्यात सापडले. इंग्रजीत तसं जमत नाही. thee, meet, bee, steep हे सगळे खरे शब्द असल्याने स्पेलचेक त्यांना हात लावत नाही. ती पानं आम्ही दोघांनी, एकाने मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने मूळ हस्तलिखितावर बोट ठेवत, तपासली. अहवालातले ईमेल पत्ते तेवढे एकेक अक्षर सुटं उच्चारून जुळवले.