रजेचे दिवस डिस्चार्जच्या तारखेभोवती मांड

निपाणी,
6 जानेवारी

चि. बाळू,

काल रात्री फोनवर तू रडवेला झाला होतास, त्यामुळे कामाचं बोलणं राहूनच गेलं. ते आता लिहून पाठवतो. नीट वाच आणि उद्या सकाळी कंपनी उघडायच्या आत मेल लिहायला बस.

आधी दाजींची, म्हणजे तुझ्या वडिलांची, हकीकत. परवा बेळगावला अँजिओग्राफी झाली. तिन्ही मुख्य नळ्यांत अडथळा आहे, त्यामुळे स्टेंटने भागणार नाही, बायपासच करावी लागेल असं सर्जननी सांगितलं. आज-उद्या करता येत नाही, कारण दाजींना रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू होती. ती बंद केल्यावर साधारण पाच दिवस थांबावं लागतं, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आवरत नाही. म्हणून 13 जानेवारी ठरली आहे. साखर चढली किंवा ताप, लघवीतला जंतुसंसर्ग असं काही निघालं, तर ही तारीख पुढे जाऊ शकते. तेव्हा अमिरातीहून यायचं तिकीट असं काढ की तारीख बदलता येईल, आणि मेलमध्येही 'नियोजित तारीख' असंच लिही.

आता मुद्द्याचं. तू म्हणालास, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचतो, दहा-पंधरा दिवस मागतो, पुढचं पुढं बघू." उद्यमबागेतल्या फाउंड्रीत टाइम ऑफिस आणि पुढे पर्सोनेल खातं सांभाळून मी निवृत्त झालोय. रजेचे अर्ज मी टेबलाच्या त्या बाजूने वाचलेत. 'पुढं बघू' असा अर्ज साहेबाला सगळ्यात नकोसा वाटतो. पंधरा दिवसांना तो हो म्हणतो, बदली माणूस तेवढ्यापुरता लावतो, आणि तेराव्या दिवशी गावाकडून 'अजून आठ दिवस' असा मेसेज आला की त्याचा विश्वास उडतो. पहिल्यांदाच तेहतीस दिवस मागितलेस तर कपाळाला आठी पडेल, पण तो हिशोब तरी करू शकेल.

तेहतीस कसे, ते सांगतो. बायपासनंतर एक-दोन दिवस आयसीयू असतो. तिथे नातेवाइकाला दिवसातून थोडा वेळच आत सोडतात. म्हणजे 13 आणि 14 तारखेला तू बाहेरच्या बाकावर बसणार. सगळं नीट चाललं तर साधारण आठवड्याने, 20-21 तारखेला डिस्चार्ज. खरी गरज तिथून पुढे आहे. छातीचं हाड कापून तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. तोवर हातावर जोर देऊन उठायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. कफ साठू नये म्हणून तीन गोळ्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रातून दिवसभरात पुनःपुन्हा श्वास ओढायचा. दाजींचं वजन तुला माहीत आहे. रात्री संडासला जायचं म्हणजे त्यांना पाठीमागून आधार देऊन बसतं करायला हवं. आक्काचे गुडघे असे आणि माझी कंबर तशी. ते काम आमच्याने होणार नाही.

म्हणून तू 10 तारखेला निघ. गोव्याला उतरलास तर चोर्ला घाटातून दुपारपर्यंत बेळगाव गाठशील. 11 फेब्रुवारीपर्यंत राहा आणि 12 ला कामावर हजर हो. एवढ्यात डिस्चार्जनंतरचे तीन आठवडे आणि जानेवारीअखेरची टाके बघायची फेरी, दोन्ही बसतात. साहेबाने काटछाट केलीच, तर सुरुवातीचे दिवस सोड, शेवटचे सोडू नकोस. भरतीचे कागद, संमतीची सही, रक्तदाते जमवणं हे मी आणि गल्लीतली पोरं बघू. आत जाण्याआधी दाजींना तुझं तोंड बघायचं आहे, हे मलाही कळतं. पण निवड करायचीच वेळ आली तर 20 जानेवारीनंतरचे दिवस राख.

कायद्याचं म्हणशील तर अमिरातीत आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी रजा नाही. 2021 च्या 33 क्रमांकाच्या कामगार कायद्यात आईवडील वारले तर तीन दिवस दिलेत, आजारासाठी काही नाही. वर्षाची हक्काची रजा तीस दिवस, तीही मालकाच्या सोयीने. बिनपगारी रजा तर पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर. गणपतीत तू बारा दिवस घेतलेस, म्हणजे शिल्लक अठरा. तेव्हा अर्ज असा फोड: 10 ते 27 जानेवारी हक्काची रजा, अठरा दिवस, 28 जानेवारी ते 11 फेब्रुवारी बिनपगारी, पंधरा दिवस. शुक्रवार-रविवार धरूनच मोज. ते पंधरा दिवस ग्रॅच्युइटीच्या नोकरीत धरले जात नाहीत. तेवढं सोसायला हवं. स्वतःच्या नावावर आजारी रजा टाकायचा सल्ला तुझ्या खोलीतलं कोणी देईल, तो ऐकू नकोस. विमानतळावरचा शिक्का खोटं बोलत नाही.

मेल सुपरवायझर आणि एचआर दोघांना एकदम पाठव. मजकूर इंग्रजीत लिही, पण ओघ असा ठेव:

"माझ्या वडिलांवर बेळगाव येथे 13 जानेवारी रोजी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया नियोजित आहे. डिस्चार्जनंतर सुमारे तीन आठवडे त्यांना चोवीस तास मदतीची गरज आहे आणि घरात ती करू शकणारा दुसरा सक्षम माणूस नाही. मी 10 जानेवारी ते 11 फेब्रुवारी अशी रजा मागत आहे: अठरा दिवस शिल्लक वार्षिक रजेतून, पंधरा दिवस बिनपगारी. 12 फेब्रुवारीला कामावर हजर होईन. माझ्या दोन मशीनचे प्रोग्रॅम, टूल ऑफसेट आणि अर्धवट जॉबची यादी सोबत जोडली आहे. दिवसपाळीचा माझा सहकारी त्या चालवायला तयार आहे. टाके तपासल्यावर, 30 जानेवारीला, मी तब्येतीची स्थिती लेखी कळवीन. कृपया लेखी मंजुरी द्यावी."

एवढंच. वडिलांनी किती कष्टाने वाढवलं, हे त्यात नको. सहकाऱ्याला मात्र आधी विचार. त्याला न विचारता नाव घातलंस तर एचआरच्या पहिल्याच फोनला तो हात झटकेल.

सोबत दोन कागद लागतील. पहिला डॉक्टरांचं पत्र. ते मी उद्या आणून फोटो पाठवतो. लेटरहेडवर आजार, ऑपरेशनचं नाव, नियोजित तारीख, इस्पितळातले अंदाजे दिवस, घरच्या विश्रांतीचा काळ आणि 'सोबत माणूस आवश्यक' एवढं हवं, खाली सही, शिक्का आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. पुरी फाइल कंपनीला द्यायचं कारण नाही. दुसरा कागद नात्याचा पुरावा. तुझा जन्मदाखला कन्नडमध्ये आहे, त्याचं भाषांतर आणि नोटरी करत बसू नकोस. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव छापलेलं असतं, त्याची प्रत पुरते. अडचण एकच आहे. इस्पितळात दाजींचं नाव इकडच्या पद्धतीने आद्याक्षरं लावून लिहिलंय आणि तुझ्या पासपोर्टवर पूर्ण नाव-आडनाव आहे. आधार कार्ड दाखवून मी पत्रात पूर्ण नाव घालून घेतो. पासपोर्टवर बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे आणि पत्रावर 2014 नंतरचं नवं, म्हणून 'दोन्ही एकच शहर' अशी ओळ मेलच्या तळाला टाक.

सुपरवायझर भला आहे, तो लगेच "जा, जा" म्हणेल. त्या शब्दावर विमानात बसू नकोस. एचआरचं लेखी उत्तर किंवा सही केलेला रजेचा फॉर्म हातात आल्यावरच निघ. विनाकारण सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलास, तर तिथे नोटिशीशिवाय काढता येतं. लेखी चौकशी करावी लागते, पण तू निपाणीत असताना ती चौकशी तुझ्या बाजूने कोण लढणार? मुदत वाढवायची वेळ आली तरी हेच. मंजूर रजा संपायच्या आत, नव्या डॉक्टरी पत्रासह माग. उत्तर आलं नाही तर 'गप्प म्हणजे हो' असं धरू नकोस.

आणखी एक बघ. तुझ्या व्हिसाची मुदत 11 फेब्रुवारीच्या आसपास संपत असेल तर आजच सांग, कारण नूतनीकरणाला वैद्यकीय तपासणीसाठी तिथे असावं लागतं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असेल तर याच मेलमध्ये परत माग. तो ठेवून घ्यायचा त्यांना अधिकार नाही.

तू गेल्यावर काय, हाही प्रश्न आहेच. तुझ्या ताईशी मी बोललोय. ती 9 ते 23 फेब्रुवारी येते, म्हणजे ऑपरेशनला सहा आठवडे होईपर्यंत घरात कोणीतरी राहील. तिची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल 2024 पासून आजारी आईवडिलांसाठी वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा हक्काची झाली आहे, त्यासाठी रजेच्या दुप्पट दिवस आधी कळवावं लागतं. पण तिच्यासारख्या स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाची बिनपगारी रजा वर्षात चार आठवड्यांच्या वर गेली, तर कंपनीला सहसा स्पॉन्सरशिप काढून घ्यावी लागते. म्हणून एक आठवडा तो आणि एक आठवडा तिच्या वार्षिक रजेतला, असं ठरवलंय. लांबचा पल्ला तिच्यावर टाकता येत नाही. तो तुझ्याकडे आला तो याच कारणाने.

साहेब तेहतीसला नाही म्हणाला, तर जागच्या जागी राजीनामा देऊ नकोस. "बरं, 19 जानेवारी ते 5 फेब्रुवारी ही अठरा दिवसांची हक्काची रजा तरी द्या, बिनपगारी नको" असं लेखी माग. जादा खर्च नसलेली मागणी नाकारणं त्यालाही जड जातं. मग ताई येईपर्यंत उरलेल्या तीन दिवसांसाठी मी अकोळहून तुझ्या चुलतभावाला बोलावून घेईन.

मेल पाठवायच्या आधी मला फोनवर वाचून दाखव. मंजुरी आल्याशिवाय आक्काला येण्याची तारीख सांगू नकोस. ती सांगितलेल्या दिवसापासून भाकरी थापायला घेते, आणि तारीख हुकली की दाजींच्या आधी तिचंच बीपी चढतं.

तुझा,
मामा