इन्व्हर्टरवर वॉशिंग मशीन: कर्ज घेण्याआधी आकडे मांडून पाहू



मागच्या मासिक बैठकीत आर्णी तालुक्यातल्या एका गटात अंतर्गत कर्जाची मागणी आली होती. कारण लिहिलं होतं, "नवीन इन्व्हर्टर व बॅटरी". ताईंकडे इन्व्हर्टर आधीच आहे, ८५० व्हीएचा, सोबत १५० एएचची एक बॅटरी. मग नवा काहून पाहिजे, असं बाकीच्या तायांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "लाईन कधी जाईन काही नेम नाही. अर्ध्या धुण्यात मशीन बंद पडते. इन्व्हर्टरवर लावली तर दोनदा गरगरते, मग इन्व्हर्टर टूं टूं करून बंद. दुकानवाला म्हणे मोठा घ्या."

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. मी काही इलेक्ट्रिशियन नाही, एमएसडब्ल्यू केलेली मुलगी आहे. पण हा हिशोब बेरीज-गुणाकाराचाच आहे, गटाची वही लिहिता येणाऱ्या कोणालाही जमतो.

मशीनच्या मागच्या बाजूला एक चकतीसारखं लेबल असतं. ताईंची मशीन सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे धुण्याचा एक टब आणि बाजूला ड्रायर. लेबलवर धुण्याच्या मोटरचे ३६० वॉट आणि ड्रायरचे १५० वॉट असे वेगवेगळे आकडे होते. तुमच्या मशीनवर थोडे वेगळे असतील, म्हणून आधी लेबल पाहा. अंदाजाने बोलू नका.

आता इन्व्हर्टर. त्यावर लिहिलेले ८५० हे व्हीए आहेत, वॉट नाहीत. घरगुती इन्व्हर्टरसाठी व्हीएच्या साधारण ८० टक्के वॉट धरायचे. ८५० ला ०.८ ने गुणलं की ६८० वॉट. ताईंचा प्रश्न इथेच होता: ६८० मध्ये ३६० सहज बसतात, मग इन्व्हर्टर बंद का पडतो?

कारण ३६० हा आकडा मोटर फिरायला लागल्यानंतरचा आहे. थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर दोन-तीन पट वीज ओढते. भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जो जोर लागतो, तो गाडी चालती झाल्यावर लागत नाही, तसंच हे. म्हणजे सुरुवातीला जवळपास १,०८० वॉट. त्यातून टब एकदाच सुरू होत नाही. तो उजवीकडे फिरतो, थांबतो, मग डावीकडे फिरतो. दर वेळी नवा झटका. पंधरा मिनिटांच्या धुण्यात असे कितीतरी झटके बसतात. एखादा झटका इन्व्हर्टर सोसतो, पुढच्याला ओव्हरलोड दाखवून बंद होतो. "दोनदा गरगरते" याचा अर्थ हाच.

वर ताईंचे दोन पंखे आणि चार बल्ब त्याच लाईनवर होते. पंखा ७५ वॉटचा, बल्ब ९ वॉटचा, मिळून १८६ वॉट. म्हणजे मशीनसाठी ४९४ वॉटच उरले.

मग किती मोठा लागेल? १,०८० मध्ये १८६ मिळवले तर १,२६६ वॉट. त्याला ०.८ ने भागलं की सुमारे १,५८० व्हीए. धुताना पंखे बंद ठेवले तर १,३५० व्हीए, म्हणजे बाजारात १,४०० च्या आसपासचा. त्याच्या वर गेलात की बऱ्याच मॉडेलला एक नाही, दोन बॅटऱ्या लागतात. दुकानात हे आधी विचारा, नाहीतर खर्च एकदम वाढतो.

आणखी एक. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह असेल तर मोटर भणभणते आणि जास्त तापते. घरात ओळखायची खूण म्हणजे लाईन गेल्यावर पंखा वेगळाच गुणगुणायला लागतो. अशा इन्व्हर्टरवर मशीन रोज चालवाल तर मोटर जळण्याची भीती.

पण मोठा इन्व्हर्टर घेतला तरी बॅटरी तेवढीच राहते, हे दुकानात कोणी सांगत नाही. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॉट-तास. बॅटरी टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, म्हणजे ९००. खळबळणं हाताने केलं तर एका घाण्याला पंधरा मिनिटं धुणं आणि पाच मिनिटं ड्रायर मिळून साधारण १०० वॉट-तास लागतात. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर १२५. तीन घाणे केले की ३७५ गेले. एवढ्यात एक पंखा चार तास चालला असता. मे महिन्यात आपल्याकडे रात्री लाईन गेली तर लेकराला चार तास पंखा म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

बॅटरी जुनी असेल तर हे हिशोबही चालत नाहीत. मशीन सुरू होताना घरातला बल्ब एकदम मंद होत असेल, किंवा पूर्ण चार्ज असूनही दहा मिनिटांत इन्व्हर्टर लो बॅटरी दाखवत असेल, तर आधी बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी तपासा. पाणी ठीक असूनही तसंच होत असेल तर दोष बॅटरीचा आहे. मोठा इन्व्हर्टर घेऊन तो जाणार नाही.

फ्रंट लोड मशीनचा तर विचारच नको. तिच्यात पाणी तापवायचा हीटर असतो, तो एकटाच २,००० वॉटच्या आसपास घेतो. थंड पाण्याचा प्रोग्राम लावला तर हीटर बंद राहतो, पण घरातल्या कोणी चुकून दुसरं बटण दाबलं की संपलं.

ताईंच्या शेजारणीने जनरेटर सुचवला होता. दोन केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर म्हणजे साधारण १,६०० वॉट, सेमी-ऑटोमॅटिक मशीन त्यावर आरामात चालते. पण तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातं. लग्नाच्या मंडपवाल्याला परवडेल, घरच्या धुण्याला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाच. तो घरात किंवा बंद पडवीत लावू नका, त्याच्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. दुसरं, जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी घालू नका. ती वीज खांबावर जाते आणि तिथे काम करणारा लाईनमन मरतो. मशीन थेट जनरेटरलाच जोडा.

ताईंकडे परत येते. आम्ही त्यांच्याच इन्व्हर्टरवर पंखे बंद करून नुसता ड्रायर लावून पाहिला. १५० वॉटची मोटर, सुरुवातीचा झटका तिप्पट धरला तरी ४५० वॉट. कुरकुर न करता चालला, फक्त वेग पकडायला थोडा वेळ लागला. चादर मात्र एका बाजूला गोळा झाली तेव्हा ड्रायर थडथडला. कपडे सारखे पसरून लावावे लागतात. धुण्याचा टब आणि ड्रायर एकाच वेळी लावायचे नाहीत, हेही ठरलं.

मशीनच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, हे त्याच वेळी लक्षात आलं. इन्व्हर्टरची लाईन ओढताना वायरमनने दोनच तारा आणल्या होत्या. ओल्या हातांचं काम, म्हणून तिसरी तार आधी जोडून घेतली.

आता ताई लाईन असताना टब चालवतात. मध्येच गेली तर उरलेलं हाताने चोळतात आणि पिळायचं काम इन्व्हर्टरवर ड्रायर करतो. कर्जाचा अर्ज त्यांनी परत घेतला. ती रक्कम त्या महिन्यात दुसऱ्या ताईला बियाण्यासाठी गेली.