नाव खोडले, माणूस उरला

शालान्त परीक्षेचा निकाल पूर्वी वृत्तपत्रांत छापून येत असे. त्यात कुणाचेही नाव नसे. केवळ बैठक क्रमांकांच्या रांगाच्या रांगा असत. नाव नाही, तेव्हा कुणाचा बोभाटाही नाही, असा त्यामागचा हेतू. पण परीक्षेच्या दालनात आपल्या पुढे कोण बसले होते आणि मागे कोण, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. स्वतःचा क्रमांक सापडला की बोट आपोआप एक ओळ खाली सरके, आणि मागचा क्रमांक तेथे नसला की शेजारच्या मुलाचे काय झाले ते त्याच्या घरच्यांच्याही आधी गावाला कळे. नाव झाकले होते, माणूस मात्र झाकला गेला नव्हता. सरकारी दप्तरांतील माहिती लोकांसाठी खुली करताना नेमकी हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर कशी घडते, हे आम्ही येथे एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे पाहणार आहोत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आरोग्यविम्याची व्यवस्था पाहणारे एक मंडळ आहे. सुमारे एक लक्ष पस्तीस हजार नोकर व त्यांचे कुटुंबीय यांच्या आजारांच्या नोंदी त्याच्यापाशी होत्या. कोणत्या रोगावर किती खर्च होतो, कोणती औषधे दिली जातात, याचा अभ्यास व्हावा म्हणून मंडळाने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या नोंदी संशोधकांच्या हाती दिल्या. देण्यापूर्वी त्यांतून नाव व पत्ता हे रकाने गाळले. रुग्णाची जन्मतारीख, तो स्त्री की पुरुष, आणि त्याच्या वस्तीचा पाच अंकी टपाल क्रमांक हे तीन रकाने मात्र राहिले. हेतू चांगला होता, यात शंका नाही. असा अभ्यास व्हायलाच हवा.

त्या वेळी लतान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी तेथील तंत्रविद्यापीठात शिकत होती. तिने केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलर देऊन विकत घेतली. ही यादीही सरकारीच, आणि कुणालाही मिळू शकणारी. तीत चौपन्न हजारांहून थोडे अधिक मतदार होते, आणि प्रत्येकाचे नाव, पत्ता, टपाल क्रमांक, जन्मतारीख व लिंग दिलेले होते. म्हणजे एका यादीत आजार आहेत, नावे नाहीत. दुसरीत नावे आहेत, आजार नाहीत. आणि तीन रकाने दोहोंत समान. राज्याचे निवडून आलेले गव्हर्नर विल्यम वेल्ड हे केंब्रिज शहरातच राहत. १९९६ च्या मे महिन्यात एका पदवीदान समारंभात ते भोवळ येऊन कोसळले होते व त्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते, हे वृत्तपत्रांतून सर्वांस ठाऊक होते. स्वीनीने त्यांची जन्मतारीख यादीत शोधली. त्या तारखेचे सहा मतदार निघाले. त्यांपैकी पुरुष तीन. त्या तिघांत वेल्ड यांच्या टपाल क्रमांकाच्या वस्तीत राहणारा एकच, ते स्वतः. मग विम्याच्या नोंदींत ते तीन रकाने जुळवून पाहायचे एवढेच काम उरले, आणि १९९७ साली खुद्द राज्यप्रमुखाच्या उपचारांची माहिती तिच्या हाती आली. कुठेही कुलूप फोडले नव्हते, कुणाची फाइल चोरली नव्हती.

असे का व्हावे? याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे, आणि ते प्रत्येकाने पाटीवर करून पाहावे. वर्षाचे दिवस ३६५, लिंगे दोन, आणि माणसाचे वय साधारण ऐंशी वर्षांच्या आत धरले, तर ३६५ × २ × ८० म्हणजे ५८,४०० निरनिराळे कप्पे होतात. एका टपाल क्रमांकाच्या वस्तीत पंचवीस हजार लोक असले, तर माणसांपेक्षा कप्पेच दुपटीहून अधिक. लोक या कप्प्यांत सारखे पसरले आहेत असे मानले, तर तीनांतले जवळजवळ दोघे आपापल्या कप्प्यात एकटेच सापडतील. आता पूर्ण जन्मतारखेऐवजी केवळ जन्मवर्ष ठेवा. कप्पे राहतात १६०, आणि प्रत्येकात सरासरी दीडशेच्या वर माणसे येतात. आजारांचा अभ्यास करणाऱ्याला रुग्ण कितव्या वर्षी जन्मला एवढे बहुधा पुरते; तो मंगळवारी जन्मला की बुधवारी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अमेरिकेत पुढे वैद्यकीय नोंदींसाठी जे नियम झाले, त्यांत तारखांपैकी केवळ वर्ष ठेवावे, आणि टपाल क्रमांकाचे पहिले तीनच अंक ठेवावे, तेही त्या तीन अंकांच्या प्रदेशात वीस हजारांहून अधिक लोक असतील तरच, अशी एक पद्धत घालून दिली आहे. नव्वद व त्यापुढच्या वयाची सगळी मंडळी एकाच गटात घालतात, कारण त्या वयाचे लोक थोडे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१२ साली डॅनियल बार्थ-जोन्स या अभ्यासकाने दाखवून दिले, की केंब्रिजमधील प्रत्येक रहिवासी काही मतदारयादीत नव्हता. यादीबाहेरचा एखादा पुरुष त्याच तारखेचा व त्याच वस्तीतला असू शकला असता. वेल्ड प्रसिद्ध होते, त्यांचे आजारपण वृत्तपत्रांत आले होते, म्हणूनच जुळणी खात्रीची ठरली. हा आक्षेप रास्त आहे. परंतु गावात ज्याचे आजारपण शेजाऱ्यांना ठाऊक आहे, अशा सामान्य माणसाची स्थिती या बाबतीत गव्हर्नराहून फारशी निराळी नसते, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे तर वाड्यावर कोण कधी इस्पितळात गेला, हे सांगायला वृत्तपत्र लागत नाही.

मग माणसांच्या नोंदी मुळीच देऊ नयेत, केवळ बेरजा द्याव्यात, असे कुणी म्हणेल. बेरजाही बोलतात. समजा, एका भागातील चार गावांत एका विशिष्ट आजाराचे रुग्ण अनुक्रमे आठ, नऊ, एक आणि पाच आहेत, एकूण तेवीस. तिसऱ्या गावातला तो एकटा रुग्ण ओळखू येईल, म्हणून कारकुनाने त्या चौकटीत फुली मारली व तक्ता प्रसिद्ध केला. पण खाली बेरीज तेवीस तशीच राहिली. आठ, नऊ व पाच मिळून बावीस, उरला एक. फुलीमागचा आकडा इयत्ता पाचवीतला मुलगाही सांगेल. म्हणून जाणते संख्याशास्त्री अशा वेळी आणखी एक चौकट झाकतात. तिसऱ्यासोबत चौथे गावही झाकले, तर दोहोंत मिळून सहा एवढेच कळते. ते सहा कसे वाटले गेले, हे कळत नाही. अभ्यासकाचे यात थोडे नुकसान होते, हे खरे. तसेच एखाद्या गटात आठ माणसे असली आणि आठांनाही तोच आजार असला, तर गट मोठा असून काही उपयोग नाही; त्या गटात अमुक मनुष्य आहे एवढे कळले की पुरे.

इतके वाचून कुणाला वाटेल की झाकणे हेच शहाणपण. तसे नाही. काही कागद असे असतात, की त्यांतले नाव काढले तर कागदच निरुपयोगी होतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ति संघटनाने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले लोकांपुढे मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. त्या काळच्या अशा सुनावण्यांत कामावर कधीच न गेलेल्यांची, इतकेच काय मृतांचीही नावे मजुरीच्या यादीत निघाली. समजा त्या पटांतून ‘खाजगी माहिती’ म्हणून नावे खोडली असती. ‘मजूर क्रमांक १७, सहा दिवस’ असे ऐकून कोणता गावकरी उठून उभा राहिला असता, की हा तर दोन वर्षांपूर्वीच वारला? याच चळवळीतून पुढे २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला.

तेव्हा कोणता रकाना कोणत्या कामासाठी, हे एकेक करून पाहावे लागते. हजेरीपटाची तपासणी गावाने करावयाची, तर नाव, गाव, कामाचे दिवस व दिलेली रक्कम एवढे हवेच. परंतु मजुराचा बँकेतील पूर्ण खाते क्रमांक, दूरध्वनी किंवा आधार क्रमांक गावाला कशाला हवा? तो पैसे पाठविणाऱ्या कचेरीपुरता. हा भेद न केल्याने काय होते, हे २०१७ साली दिसले. केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर, ज्यांत काही शिक्षणसंस्थाही होत्या, लाभार्थींच्या याद्या नाव-पत्ता व आधार क्रमांकांसह सर्वांस दिसत होत्या, असे सरकारनेच मान्य केले. याद्या प्रसिद्ध करणे योग्यच होते; क्रमांकाचा रकाना तेवढा काढायचा राहिला. आता असा क्रमांक दाखवायचाच झाला, तर बारांपैकी शेवटचे चार अंक दाखवतात. तेही सर्व कचेऱ्यांनी तेच चार दाखवावेत. एकीने पहिले चार आणि दुसरीने शेवटचे चार दाखविले, तर पाहणाऱ्याला आठ अंक मिळतात.

आपल्या कायद्यातही हा तोल बदलत आला आहे. २००५ च्या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये खाजगी माहिती नाकारता येत होती ती दोनच प्रसंगी: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खाजगी जीवनावर विनाकारण आक्रमण होणार असेल तर. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारू नये, असेही तेथे लिहिले होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या कलमातील त्या सर्व अटी काढून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेवले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. आमच्या मते हे झाकण वाजवीपेक्षा रुंद झाले आहे, कारण हजेरीपटावरील नावसुद्धा वैयक्तिक माहितीच होय. कलम ८(२) मात्र शिल्लक आहे. माहिती उघड करण्यातले सार्वजनिक हित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर कचेरीला ती देता येते, असे ते सांगते. म्हणून आज असा अर्ज करणाऱ्याने केवळ ‘यादी द्यावी’ असे लिहून भागत नाही. कोणत्या कामाची, कोणत्या महिन्यातली, त्यातले कोणते रकाने हवेत, कोणते नकोत, आणि ते पाहिल्याने कोणता गैरप्रकार उघड होऊ शकतो, हे त्याने अर्जातच मांडणे हिताचे ठरते.